हीटमॅपवरचं हिरवं पठार
"२० आणि ५० दिवसांच्या सरासरींच्या क्रॉसओव्हरची बॅकटेस्ट केली. हीटमॅपवर २०/५० च्या आजूबाजूचे सगळे चौकोन हिरवे, म्हणजे नफ्यात आहेत. मग स्ट्रॅटेजी पक्की ना?"

एवढ्यावरून नाही. तुम्ही ४९, ५०, ५१ असे एकेक दिवस सरकताय. ५० आणि ५१ दिवसांच्या सरासरीत पन्नास किमती त्याच असतात, सौदेही जवळपास तेच पडतात, मग शेजार हिरवा दिसणारच. पायरी टक्क्यांत घ्या. साधारण वीस टक्के धरा: ३५, ४२, ५०, ६०, ७२.

निफ्टीवर मलाही असंच पठार दिसलं होतं. सौद्यांची यादी उघडली, तर जवळजवळ प्रत्येक चौकोनाचा नफा मार्च २०२० च्या पडझडीतल्या एकाच शॉर्ट सौद्यातून आलेला. तो वगळून नकाशा पुन्हा काढला, तेव्हा २०/५० एकटाच हिरवा उरला, शेजारी सगळं लाल.