मदत हवी आहे: सामायिक मेलचा पासवर्ड बदलायचाय, पण स्कॅनर बंद पडू नये

आमच्या आठ जणांच्या ऑफिसातले अकाउंटंट शुक्रवारी नोकरी सोडताहेत. गूगल वर्कस्पेसवरचा हिशेबाचा मेल तिघे मिळून वापरतात. रिकव्हरी नंबर त्यांचा आहे आणि ऑथेंटिकेटरही त्यांच्याच फोनवर. नुसता पासवर्ड बदलून भागणार नाही, कारण त्यांच्या फोनवर सहा आकडी कोड येतच राहतील.

म्हणून आधी रिकव्हरी नंबर बदलायचा, मग ऑथेंटिकेटर ऑफिसच्या फोनवर नव्याने जोडायचा, जुने बॅकअप कोड रद्द करायचे आणि शेवटी पासवर्ड बदलायचा, असं ठरवलंय.

अडचण पुढे आहे. पासवर्ड बदलला की गूगल त्या खात्याचे सगळे ॲप पासवर्ड रद्द करतं. आमचा स्कॅनर `smtp.gmail.com` वरून, पोर्ट 587 वर, तसाच 16 अक्षरी ॲप पासवर्ड वापरून मेल पाठवतो. टॅलीतून बिलंही तशीच जातात. दोन्ही एकदम थांबतील, आणि स्कॅनरवर फक्त लॉगिन फेल दिसेल.

दोन्हीसाठी वेगळे ॲप पासवर्ड काढले तरी पुढच्या वेळी हेच होणार. `smtp-relay.gmail.com` वापरावं, तर आमच्या ब्रॉडबँडचा आयपी बदलत राहतो. स्कॅनरसाठी वेगळं खातं काढणं बरं, की स्थिर आयपी घेऊन रिले? कुणी असं बसवलं असेल तर सेटिंग सांगा.