मदत हवी आहे: सोडिअम ॲसिटेटचा हँड वॉर्मर उकळूनही आपोआप गोठतो

हिमवाट: आईसाठी चकती दाबून गरम होणारी पिशवी आणली आहे. दाबली की पांढरी, कडक होते आणि छान तापते. पुन्हा वापरायला पाण्यात उकळली, पातळ झाली. पण गार होताना चकतीला हात न लावताच गोठते. असं का? आणि मुळात ही उष्णता येते कुठून?

रविकिरण: चकतीच्या धातूची आतल्या द्रावणाशी अभिक्रिया होते, त्यातून उष्णता येते. चकती झिजली असेल.

खारंपाणी: अभिक्रिया नाही. उष्णता येते ती तुम्ही उकळताना घातलेलीच. या क्षाराचे स्फटिक आपल्यात पाणी धरून असतात आणि ५८ अंशांला वितळतात. वितळताना जी उष्णता पोटात घेतात, ती गोठताना परत देतात. गंमत अशी की स्फटिकाची सुरुवात करून देणारं काही नसेल, तर हा द्रव खोलीच्या तापमानालाही द्रवच राहतो. चकती दाबली की सुरुवात मिळते.

१०० ग्रॅमची पिशवी धरा. पूर्ण गोठली तर साधारण २६ किलोज्यूल सुटतात. त्यातले ११ च्या आसपास ती स्वतःच २० वरून ५८ अंशांपर्यंत तापण्यात जातात. तिथे पोचली की गोठणं मंदावतं, कारण त्यावर स्फटिक टिकतच नाहीत. उरलेला द्रव हाताने उष्णता ओढून घेतली तेवढाच गोठत जातो. म्हणून ती पोळत नाही आणि बराच वेळ ऊब देते. कडाक्याच्या थंडीत मात्र स्वतःला तापवण्यातच जास्त खर्च होते, ऊब लवकर सरते.

आता तुमची अडचण. किती वेळ उकळली? सगळी पारदर्शक झालेली पाहिली का?

हिमवाट: पाच मिनिटं. चकतीपाशी थोडं धुरकट होतं, बाकी स्वच्छ.

खारंपाणी: तेच. एक कणही उरला तरी त्यावरून सगळी पिशवी गोठते. पातेल्याच्या तळाशी फडकं घाला, नाहीतर प्लास्टिक तळाला चिकटून भोक पडतं. पाणी उकळत ठेवून पंधरा मिनिटं द्या, मधे चिमट्याने उलटा. चकतीच्या कडेला आणि शिवणीच्या कोपऱ्यात कण लपतात, उजेडात धरून बघा. मग न हलवता गार होऊ द्या. मायक्रोवेव्ह नको, आत धातू आहे.

सोनचाफा: मी माझी तशीच उकळली, काळं पाणी झालं. पुडी फाडून हवेत धरली की तापायची.

खारंपाणी: ती लोखंडाच्या भुकटीची, सोनचाफाताई. लोखंड गंजताना तापते, एकदाच. तिला उकळून काही होत नाही.

रविकिरण: बरं, अभिक्रिया नाही. मग नुसती चकती वाकवून स्फटिक कसा सुरू होतो? मी बाटलीतलं द्रावण जोरात हलवलं होतं, काही झालं नाही.

खारंपाणी: याबद्दल एकमत नाही. एक मत असं की चकतीच्या बारीक फटींत दाबाखाली सूक्ष्म स्फटिक अडकून राहतात, उकळूनही वितळत नाहीत, आणि वाकवल्यावर बाहेर येतात. मला ते पटतं, कारण कोरी चकती कधीकधी चालत नाही असं ऐकलंय.

हिमवाट: वीस मिनिटं उकळली. चकती स्वच्छ, दोन तास झाले, द्रवच आहे! पण तळाशी पांढरी रवाळ पूड आहे, ती काही विरघळत नाही.

खारंपाणी: मग प्लास्टिकमधून थोडं पाणी उडून गेलेलं दिसतंय. पाण्याविना उरलेला क्षार या तापमानाला वितळत नाही. चालेल तोवर वापरा, ऊब कमी मिळेल. पिशवी बंद असल्याने पाणी घालता येत नाही.

रविकिरण: सुईने घालून वर टेप लावली तर?