फ्लॅशचं डोकं छताकडे वळवा

> घरच्या बारशाच्या फोटोंत डोळे लाल येतात, मागच्या भिंतीवर काळी सावली पडते. काय करू?

फ्लॅश लेन्सला चिकटून असला की मंद उजेडात विस्फारलेल्या बाहुलीतून प्रकाश थेट आत जातो आणि डोळ्याच्या पडद्यावरून लाल होऊन लेन्समध्येच परततो. म्हणून डोकं फिरणारा वेगळा फ्लॅश लावा आणि तो वर, किंचित मागे वळवा, म्हणजे छतावरून परतलेला प्रकाश पसरून पडेल आणि भिंतीवरची सावलीही मऊ होईल. आपल्या मुंबईच्या फ्लॅटमधलं नऊ-साडेनऊ फुटांचं पांढरं छत यासाठी उत्तमच. आयएसओ ८००, एफ ४, शटर १/६०, फ्लॅश टीटीएलवर, म्हणजे किती प्रकाश टाकायचा ते कॅमेराच ठरवेल. फोटो काळपट आला तर आयएसओ १६०० करा. डोळ्यांच्या खोबणीत सावली दिसली, तर प्रकाश अगदी डोक्यावरून पडतोय. दोन पावलं मागे या, किंवा फ्लॅश बाजूच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवा. हॉलचं छत लाकडी किंवा रंगीत असेल तर तोच रंग चेहऱ्यांवर उतरतो, तिथेही भिंतच बरी.