कराचीतील आग आणि डॉर्टमुंडमधील दावा: खरेदीदार कंपनी जबाबदार की नाही?

सुमेध: पुरवठादाराच्या कारखान्यात माणसे मेली, तर परदेशातील खरेदीदार कंपनीला कोर्टात खेचणे योग्य आहे का? मला तरी वाटते, माल घेणारा म्हणजे मालक नव्हे.

वैदेही: 11 सप्टेंबर 2012 रोजी कराचीच्या बल्दिया टाउनमधील अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. खिडक्यांना गज होते, बाहेर पडण्याची दारे बंद होती आणि अडीचशेहून अधिक कामगार मेले. तिथला बहुतांश माल ‘किक’ ही एकच जर्मन कंपनी घेत होती. जो एकटा इतका माल उचलतो, त्याच्या शब्दावर दाराचे कुलूप निघू शकते. म्हणून त्याला निव्वळ गिऱ्हाईक म्हणणे मला पटत नाही.

नरेंद्र: ती आग खंडणीसाठी लावण्यात आली होती आणि 2020 मध्ये कराचीच्या न्यायालयाने त्याबद्दल दोघांना फाशीची शिक्षा सुनावली. मग कंपनीचा दोष कोणता?

वैदेही: शिक्षेची गोष्ट खरी आहे. पण आग कोणी लावली आणि माणसे बाहेर का पडू शकली नाहीत, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि पीडितांनी जर्मनीतील डॉर्टमुंडच्या न्यायालयात किकवर केलेला दावा दुसऱ्या प्रश्नावर होता. आगीच्या काही आठवडे आधीच या कारखान्याला कामगारांची सुरक्षितता आणि कामाची परिस्थिती तपासून दिले जाणारे एसए 8000 हे प्रमाणपत्र मिळाले होते, हेही विसरू नका.

इचलकरंजीकर: प्रमाणपत्राचे आम्हाला विचारा. आमच्या युनिटमध्ये ऑडिटची तारीख आधी कळते. मागच्या दारासमोरचे ताग्यांचे ढीग आदल्या रात्री हलवतात आणि ऑडिटरची गाडी फाटकाबाहेर पडली की ते पुन्हा तिथेच येतात. वर ऑडिटचा खर्च आमच्याच माथी, आणि खरेदीदार दर एक रुपयाने वाढवायला तयार नाही. त्याबद्दल कोणता कायदा आहे का?

नरेंद्र: दराचा विषय वेगळा आहे. डॉर्टमुंडच्या न्यायालयाने 2019 मध्ये दावा फेटाळला, म्हणजे कंपनी निर्दोष ठरली, हा मुद्दा आहे.

वैदेही: तसे ठरले नाही. नुकसान पाकिस्तानात झाले म्हणून तिथला कायदा लागू झाला आणि त्यातील मुदत उलटून गेल्याने 2015 मध्ये दाखल झालेला दावा मुदतबाह्य ठरला. कंपनीची काळजी घेण्याची जबाबदारी होती की नव्हती, यावर न्यायालयाने निर्णयच दिला नाही. किकने 2016 मध्ये सुमारे 51 लाख 50 हजार डॉलर देण्याचे मान्य केले, मात्र ते तडजोडीने. पुढे जर्मनीत, पुरवठादारांकडील मानवी हक्कांवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकणारा पुरवठा साखळीचा कायदा झाला आणि 2023 पासून लागू झाला. त्यात सरकारी यंत्रणा दंड करू शकते, परंतु केवळ त्या कायद्याच्या भंगावरून पीडितांना भरपाईचा दावा करता येत नाही, असे त्यातच लिहिले आहे. दंड गेला तरी सरकारी तिजोरीत जाणार.

सुमेध: ‘मालक नव्हे’ हे माझे वाक्य मी अजून मागे घेत नाही. पण समजा मुदत पाच वर्षांची असती, तर दाराच्या कुलपाची माहिती कंपनीला होती हे वादींनी कशाच्या आधारावर सिद्ध केले असते? कागदपत्रे तर कंपनीच्याच कपाटात आहेत.