मदत हवी आहे : दर बदलला की जुन्या ऑर्डरींची रक्कमही बदलते

फराळगृह_नाशिक :
आम्ही घरून दिवाळीचा फराळ करून देतो आणि ऑर्डरी एका शीटमध्ये लिहितो. काल चकलीचा दर 480 वरून 520 केला, तर ज्यांचे पैसे आधीच आले होते त्यांच्याही नावापुढे बाकी दिसू लागली. शिवाय चकली एकूण किती किलो करायची आहे, याची बेरीज दर वेळी वेगळी येते. उद्या भाजणी दळायला द्यायची आहे, म्हणून कृपया लवकर सांगा.

कोष्टकप्रेमी :
दराचा रकाना लॉक करा आणि शीटला पासवर्ड लावा, म्हणजे कोणी चुकून दर बदलणार नाही.

फराळगृह_नाशिक :
दर चुकून बदललेला नाही, तो मीच बदलला आहे. तेल महागल्यामुळे तो वाढवावाच लागला.

जुना_नोंदकरी :
ताई, शीटमध्ये कोणकोणते रकाने आहेत आणि रकमेचे सूत्र काय आहे, हे कळल्याशिवाय नेमके सांगता येणार नाही. एका ऑर्डरीची ओळ जशीच्या तशी इथे द्या.

फराळगृह_नाशिक :
रकाने असे आहेत : ऑर्डर क्रमांक, तारीख, नाव, मोबाइल, पत्ता, पदार्थ1, किलो1, पदार्थ2, किलो2, पदार्थ3, किलो3, रक्कम, जमा, शेरा. ऑर्डर 112 मध्ये चकली 2 किलो आणि करंजी 1 किलो आहे. करंजीचा दर 600 आहे. 1560 रुपये जमा झाले आहेत, पण आता रक्कम 1640 दिसते. रक्कम `VLOOKUP` ने दुसऱ्या शीटवरच्या दरांतून येते. चौथा पदार्थ असला तर तो आम्ही शेऱ्यात लिहितो.

जुना_नोंदकरी :
मग बेरीज का चुकते ते उघड आहे. चकली कधी पदार्थ1 मध्ये असते, कधी पदार्थ3 मध्ये, तर कधी शेऱ्यात, आणि शेऱ्यातली चकली कोणतेही सूत्र मोजणार नाही. यासाठी 'ओळी' नावाचे वेगळे शीट करा आणि त्यात एका पदार्थाला एक ओळ द्या : ऑर्डर क्रमांक, पदार्थ, किलो. ऑर्डर 112 च्या तिथे दोन ओळी होतील, आणि कोणी सात पदार्थ मागितले तर सात होतील. मग चकलीची बेरीज एका सूत्रात येते :

```
=SUMIF('ओळी'!B:B,"चकली",'ओळी'!C:C)
```

नाव, मोबाइल आणि पत्ता 'ग्राहक' या शीटवर एकदाच लिहा, आणि ऑर्डरीपुढे फक्त ग्राहक क्रमांक ठेवा.

एकदाच_लिहा :
अगदी बरोबर. दरही 'पदार्थ' शीटवर एकदाच ठेवा, ओळींमध्ये तो मुळीच नको. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली की घोळ होतो, हा नॉर्मलायझेशनचा मूळ नियम आहे.

जुना_नोंदकरी :
नियम खरा आहे, पण तो इथे लावलात तर ताईंची मूळ अडचण जशीच्या तशी राहील, कारण त्यांचा दर आजही एकाच ठिकाणी आहे आणि म्हणूनच 112 ची रक्कम 80 रुपयांनी वाढली. चकलीचा आजचा दर आणि त्या दिवशी त्या ग्राहकाशी ठरलेला दर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला केवळ पदार्थावरून ठरतो, तर दुसरा ऑर्डर आणि पदार्थ या दोहोंवरून, म्हणून दुसऱ्याची जागा 'ओळी' शीटवरच आहे. तिथे सूत्र न ठेवता आकडा लिहून ठेवावा. योगायोगाने दोन्ही आकडे सारखे असले, तरी ती पुनरुक्ती होत नाही.

एकदाच_लिहा :
दराचे पटले. मात्र रक्कम तरी साठवू नये, ती ओळींवरून काढता येते.

जुना_नोंदकरी :
मान्य आहे, रक्कम किलो आणि ओळीवरचा दर यांवरूनच काढावी.

सोसायटी_सचिव :
आमच्या सोसायटीच्या देखभाल खर्चाच्या वहीत मी मोबाइल क्रमांकालाच सभासद क्रमांक मानले आहे. वेगळा क्रमांक कशाला हवा?

फराळगृह_नाशिक :
आमच्याकडे एक सासूबाई आणि त्यांच्या सूनबाई एकाच मोबाइलवरून वेगवेगळ्या ऑर्डरी देतात, आणि एका काकांनी यंदा क्रमांक बदलला आहे.

जुना_नोंदकरी :
म्हणूनच स्वतःचा साधा अनुक्रमांक द्यावा. मोबाइल आणि पत्ता बदलले, तरी ऑर्डरी त्या ग्राहकाशी जोडलेल्या राहतात.

फराळगृह_नाशिक :
रात्री बसून 64 ऑर्डरींच्या ओळी पाडल्या आणि दरवाढीआधीच्या ओळींवर 480 लिहिला. 112 ची रक्कम पुन्हा 1560 आली. आधी चकली 38 किलो दिसत होती, आता शेऱ्यातली धरून 51 किलो झाली आहे. भाजणी त्या हिशेबाने देते. पण काही जण फराळ बहिणीच्या किंवा मुलाच्या पत्त्यावर पाठवायला सांगतात, तो पत्ता कुठे लिहायचा?

एकदाच_लिहा :
'ग्राहक' शीटवर पत्ता2 असा रकाना करा.

जुना_नोंदकरी :
असे केले की पदार्थ1, पदार्थ2 यांचीच गत पत्त्यांची होईल. पाठवण्याचा पत्ता त्या ऑर्डरीचा असतो, म्हणून मी तो 'ऑर्डर' शीटवर लिहिला असता. मात्र दर वर्षी तेच पत्ते येत असतील, तर पत्त्यांचे वेगळे शीट करावे की नाही, याचा विचार करावा लागेल. मागच्या वर्षीच्या नोंदी आहेत का?

फराळगृह_नाशिक :
आहेत, पण वहीत आहेत.