मदत हवी आहे: वक्त्यांच्या स्लाइड्सवरून पॅनेलचे प्रश्न कसे काढायचे?

नीरजा_प

नमस्कार मंडळी. पुढच्या गुरुवारी एका पॅनेल डिस्कशनची मॉडरेटर म्हणून मला बसायचं आहे. विषय पाणीपुरवठ्यातली गळती. एकूण वेळ ७५ मिनिटं. चार जण आहेत: वितरण सांभाळणाऱ्या एक अभियंता बाई, पाणीदरांचे एक अभ्यासक, गळती शोधणारी उपकरणं बसवणारे एक तंत्रज्ञ आणि ग्राहकांच्या बाजूने बोलणारे एक गृहस्थ. पहिले तिघे प्रत्येकी ८ मिनिटं स्लाइड्स दाखवणार, चौथे स्लाइड्सशिवाय ६ मिनिटं बोलणार, मग चर्चा. शेवटची १५ मिनिटं श्रोत्यांच्या प्रश्नांना ठेवली आहेत.

तिघांच्या स्लाइड्स हातात आहेत. दोन दिवस बसून १४ प्रश्न काढले, पण वाचताना ते अगदी सपाट वाटतात. नमुना देते: "तुमच्या चौथ्या स्लाइडवर तूट ३८ टक्के दाखवली आहे, त्याबद्दल अधिक सांगाल का?" हे तर त्या आधीच सांगून झालेल्या असणार. स्लाइडवरूनच प्रश्न काढायचा आणि तरी तो स्लाइडची उजळणी होऊ द्यायचा नाही, हे कसं जमवतात? लिहून काढलेली स्क्रिप्ट कशी दिसते, तेही कोणी दाखवलं तर फार बरं होईल.

सुहास निवेदन

नीरजाताई, मी बरीच वर्षं सूत्रसंचालन करते. सुरुवात पाण्यावरच्या एखाद्या चारोळीने करा, सभागृह लगेच जिंकता येतं. प्रत्येक वक्त्याची ओळख करून देताना दोन ओळी त्यांच्या स्वभावावर बोला. माझ्याकडे पाण्यावरच्या वीसेक चारोळ्या आहेत, पाठवू का?

नीरजा_प

धन्यवाद सुहासताई, पण ओळख आणि स्वागत दुसऱ्या निवेदक करणार आहेत. माझं काम त्यानंतर सुरू होतं. मला फक्त चर्चेचे प्रश्न लिहायचे आहेत.

थेट_प्रश्न

चकमक घडवा. दोन स्लाइड्स शेजारी ठेवा आणि आकडे जिथे जुळत नाहीत तिथे बोट ठेवा. तुमच्याकडे ३८ टक्के आहेत, दुसऱ्या कोणाच्या स्लाइडवर वेगळा आकडा आहे का? असेल तर तोच तुमचा पहिला प्रश्न. आणि प्रश्न आधी अजिबात पाठवू नका, पाठ केलेली उत्तरं ऐकायला कोणी येत नाही.

नीरजा_प

आहे की! तंत्रज्ञांच्या सहाव्या स्लाइडवर ठळक अक्षरात "गळती २१ टक्के" आहे. आणि दरांच्या अभ्यासकांनी तेच ३८ घेऊन "३८ टक्के पाणी वाया जातं" असं लिहिलंय.

थेट_प्रश्न

मग झालं काम. ३८ वजा २१ म्हणजे १७. "हे १७ टक्के पाणी कुठे जातं?" एवढंच विचारा आणि शांत बसा.

जुना_समन्वयक

थेट_प्रश्न यांचं अर्धं बरोबर आहे. दोन स्लाइड्स शेजारी ठेवायच्या, हे खरंच. एकाच स्लाइडवरचा प्रश्न बहुधा उजळणीच होतो, कारण उत्तर त्याच स्लाइडवर असतं. दोन स्लाइड्सच्या सांध्यातलं उत्तर मात्र कोणाच्याच फाईलमध्ये नसतं. पण वजाबाकी करून थेट मंचावर जाऊ नका. आधी तीन गोष्टी पाहा: टक्के कशाचे, कुठले आणि कोणत्या काळातले.

३८ बहुधा असा काढलेला असतो: व्यवस्थेत सोडलेल्या पाण्यातून बिल झालेलं पाणी वजा करायचं. त्या तुटीत फुटक्या नळातून जमिनीत गेलेलं पाणी येतं, तसंच चोरलेलं, मीटर नसलेलं आणि जुना मीटर हळू फिरल्यामुळे मोजणीतून सुटलेलंही येतं. हे दुसऱ्या प्रकारचं पाणी कोणीतरी वापरलेलं असतं. त्यामुळे "वाया जातं" हा अभ्यासकांचा शब्द तपासण्यासारखा आहे, आणि तिथे खरा प्रश्न आहे.

२१ कुठून आले ते त्यांना फोन करून विचारा. गळती शोधणारे लोक पुष्कळदा एखाद्या बंदिस्त विभागात रात्री दोन ते चारच्या दरम्यान जाणारं पाणी मोजतात. तेव्हा वापर अगदी कमी असतो, म्हणून जे वाहतं त्यातलं बरंचसं गळतीचं धरतात. ते एका विभागाचे आकडे असतील, तर अख्ख्या व्यवस्थेच्या ३८ मधून ते वजा होत नाहीत.

१४ प्रश्नांबद्दल: ७५ मधून भाषणांचे ३०, श्रोत्यांचे १५, स्वागताचे ४, समारोपाचे २ आणि लॅपटॉप बदलण्यात जाणारे ४ वजा करा. उरतात २० मिनिटं. प्रश्न विचारायला अर्धं मिनिट, उत्तराला दोन आणि दुसऱ्याच्या प्रतिक्रियेला दीड. म्हणजे एका प्रश्नाला ४ मिनिटं. तुमच्याकडे पाच प्रश्नांची जागा आहे. बाकीचे नऊ मागच्या पानावर ठेवा, श्रोते गप्प बसले तर उपयोगी पडतील.

अर्धविराम

माझा अनुभव सांगते, जरा वेगळा आहे. गेल्या वर्षी मी ऑनलाइन पॅनेल घेतलं. एका वक्त्याने मूळ प्रेझेंटेशनची फाईल पाठवली होती. तिच्यात लपवलेली एक स्लाइड होती, प्रकल्पाच्या वाढलेल्या खर्चाची. मला वाटलं हीच खरी गोष्ट, आणि मी त्यावर प्रश्न विचारला. ते एकदम गप्प झाले. नंतर कळलं की ते आकडे अजून कच्चे होते, म्हणून त्यांनी मुद्दाम ती स्लाइड लपवली होती. आजही त्याचं वाईट वाटतं. जे पडद्यावर येणार आहे त्यावरच विचारा.

दुसरं, सकाळी एकाने नवी फाईल आणली आणि स्लाइडचे नंबर बदलले. मी "नवव्या स्लाइडवर" म्हणत राहिले आणि पडद्यावर भलतंच.

नीरजा_प

अर्धविराम, हे वेळेवर सांगितलंत. मलाही एक फाईल मूळ स्वरूपातच आली आहे आणि तिच्या खाली वक्त्याच्या टिपा दिसतात. त्यातलं काही वापरायचं नाही असं ठरवलं.

जुना_समन्वयक, काल तंत्रज्ञांना फोन केला. तुम्ही म्हणालात तसंच निघालं! २१ टक्के एकाच विभागाचे आहेत, रात्रीच्या मोजणीवरून काढलेले. ३८ मात्र अख्ख्या व्यवस्थेचे, वर्षभराचे. म्हणजे १७ हा आकडा मुळात अस्तित्वातच नाही. तो मंचावर विचारला असता तर दोघंही मला दुरुस्त करण्यातच पाच मिनिटं घालवते. आता प्रश्न असा लिहिलाय, बघाल का?

"अभियंता बाईंचे ३८ टक्के संपूर्ण व्यवस्थेचे आणि वर्षभराचे आहेत, ज्यात बिल न झालेलं सगळं पाणी येतं, आणि आपले २१ टक्के एका विभागाच्या रात्रीच्या मोजणीवरून काढलेले आहेत, ज्यात मुख्यतः फुटलेल्या नळांतून जाणारं पाणी येतं, तर या दोन्हींचा एकत्रित विचार करता आपल्याला काय वाटतं?"

जुना_समन्वयक

अभ्यास पक्का झालाय, पण हे वाक्य तोंडाने म्हणून बघा. श्वास पुरत नाही आणि शेवटी प्रश्नच सापडत नाही. "काय वाटतं" ला कोणी काहीही उत्तर देऊ शकतं. मी पानावर असं लिहीन:

४२वं मिनिट. पडदा: तूट दाखवणारा स्तंभालेख, शेजारी रात्रीच्या प्रवाहाचा आलेख.
तंत्रज्ञांकडे वळून: "पुढच्या वर्षीचा दुरुस्तीचा पैसा यांच्या ३८ वर ठरवायचा की तुमच्या २१ वर?"
ते "२१ वर" म्हणाले तर: "तो एका विभागाचा आहे. बाकीच्या विभागांना तो लावता येईल का?"
ते "दोन्ही बघून" म्हणाले तर: "पहिला रुपया कुठे जाईल?"
मग अभियंता बाईंकडे: "तुम्हाला हे मान्य आहे?"

आकड्यांचं स्पष्टीकरण पडद्यावरचे दोन आलेख करतील. तुम्ही फक्त निवड समोर ठेवायची. स्लाइडचा नंबर लिहू नका, चित्राचं नाव लिहा, म्हणजे फाईल बदलली तरी पडदा सांभाळणाऱ्याला ते सापडेल. शक्य असेल तर वक्त्यांना विचारून चर्चेच्या तीन-चार स्लाइड्सची वेगळी फाईल करून ठेवा.

एका पानावर एकच प्रश्न. पान उलटताना वर बघायला वेळ मिळतो.

थेट_प्रश्न

वजाबाकीत मी घाई केली, कबूल. पण प्रश्न आधी न पाठवण्यावर मी ठाम आहे.

जुना_समन्वयक

मी प्रत्येकाला त्याचा पहिला प्रश्न आणि चर्चेतले मुद्दे पाठवतो. पहिलं उत्तर नीट आलं की माणूस मोकळा होतो. "ते असं म्हणाले तर" हे पुढचे प्रश्न मात्र पाठवत नाही.

नीरजा_प

रात्री मोठ्याने वाचून वेळ लावला. पाच प्रश्न मिळून माझं बोलणं अडीच मिनिटांत बसतं, आधी एकाच प्रश्नाला चाळीस सेकंद जात होते. ग्राहकांच्या बाजूच्या गृहस्थांकडे स्लाइड्सच नाहीत, म्हणून त्यांचा प्रश्न दुसऱ्याच्या स्लाइडवरून घेतलाय. अभ्यासकांची दरवाढीची स्लाइड पडद्यावर ठेवून विचारणार: "ज्यांचा मीटर बंद आहे त्यांना ही दरवाढ लागेल का?"

एक गोष्ट अजून सुटत नाही. "वाया जातं" हा शब्द चुकीचा आहे, हे अभ्यासकांना आधी सांगावं का? सांगितलं तर ते स्लाइड बदलतील आणि माझा सगळ्यात चांगला प्रश्न जाईल. न सांगता मंचावर विचारलं तर त्यांना अडकवल्यासारखं होईल.

अर्धविराम

माझ्यासारखं करू नका, आधी सांगा. श्रोत्यांसमोर चूक निघाली की माणूस पुढची अर्धी चर्चा बचावातच घालवतो.

थेट_प्रश्न

सांगू नका. स्लाइड त्यांनी लिहिली आहे, उत्तरही त्यांनीच द्यावं.

जुना_समन्वयक

मी सांगेन, पण दुरुस्ती सुचवून नाही. फोनवर विचारेन, "तुमच्या ३८ मध्ये चोरीचं पाणी धरलंय का?" त्यांनी स्लाइड बदलली तर प्रश्न जाणार नाही, उलट नेमका होईल: वाया न गेलेल्या पाण्यासाठी दर का वाढवायचा? त्यांनी बदलली नाही, तर त्यांच्याकडे काही कारण असेल आणि तेच ऐकायचं आहे. आता ते फोनवरच चिडले तर काय, याचं खात्रीचं उत्तर माझ्याकडे नाही. माझ्या बाबतीत एकदा तसं झालंय, आणि मी तो प्रश्न गाळला होता.

नीरजा_प

उद्या सकाळी अकराला त्यांच्याशी बोलायचं ठरलंय. काय होतं ते इथेच लिहिते. तोवर प्रश्नाची दोन्ही पानं तयार ठेवते, एक जुन्या स्लाइडसाठी आणि एक बदललेल्या.