भुवयांसाठी हिना की टिंट? घरीच करायचंय, बजेट ४००

रानजाई
नमस्कार मंडळी. माझ्या भुवया मुळात विरळ, त्यात केस फिकट. रोज पेन्सिल फिरवायचा कंटाळा आलाय. पुढच्या महिन्यात मावसभावाचं लग्न आहे. घरच्या घरी करता येईल असं टिंट किट किंवा ब्रो हिना सुचवा. बजेट ४००, त्यावर एक रुपया नाही. हिना नैसर्गिक असते म्हणून तिकडेच कल आहे. टिकते किती? पार्लर सुचवू नका, आमच्या इथली बाई कोळशाने ओढल्यासारख्या भुवया करून पाठवते.

ठाणेकरीण
माझी नणंद दुबईहून जर्मन टिंट आणते. ट्यूब आणि डेव्हलपर मिळून साधारण १,९००, पण वर्षभर पुरते. ४०० मध्ये डोळ्यांजवळ लावायचं काही घेऊच नये, स्पष्ट सांगते. माझ्या भुवया बघून लोक मायक्रोब्लेडिंग केलंय का विचारतात.

रानजाई
ताई, ४०० म्हटलंय मी :)

आजोळ
एवढे पैसे कशाला घालवायचे? घरची मेंदी चहाच्या पाण्यात भिजव, थोडा कात घाल, रात्रभर ठेव आणि लाव. आमच्या पिढीने केसांना दुसरं काही लावलंच नाही.

कुंदा_के
आजोळताई, साध्या मेंदीने भुवया नारिंगी होतील, फार तर विटकरी. तिचा रंग तेवढाच असतो आणि तोही चढायला तास-दोन तास लागतात. म्हणून ज्या पुडीवर 'गडद तपकिरी' लिहिलंय आणि जी पंधरा मिनिटांत रंग देते, तिचा रंग निव्वळ मेंदीचा असूच शकत नाही.

रानजाई, बहुतेक ब्रो हिना म्हणजे थोडी मेंदीची पूड आणि बाकी केसांच्या डायमधलीच रसायनं. खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत पॅरा-फिनिलीनडायअमिन (पीपीडी), टोल्युइन-२,५-डायअमिन सल्फेट, पी-अमिनोफिनॉल, सोडियम पिक्रामेट यांपैकी काही दिसतंय का बघ. बेरियम पेरॉक्साइड दिसलं तर समज, डेव्हलपर त्या पुडीतच घातलाय. म्हणूनच ती नुसत्या पाण्यात कालवून चालते आणि लोकांना नैसर्गिक वाटते. टिंटमध्ये तो ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडच्या रूपात वेगळ्या बाटलीत येतो, एवढाच फरक. घटकांची यादी नसलेली सुटी सॅशे घेऊ नकोस, कितीही स्वस्त असली तरी. मी कॉस्मेटिकच्या लेबलिंगमध्येच काम करते, दिवसभर हेच वाचते.

मिहिर_डोंबिवली
मी दाढीला लावतो तोच कलर भुवयांना लावतो. ३५ रुपयांची पुडी. काही होत नाही, उगाच घाबरवतात.

कुंदा_के
मिहिर, त्या पुडीवरची सावधानतेची सूचना वाच. पीपीडी असलेल्या हेअर डायवर ती छापणं आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे. आधी त्वचेवर चाचणी घ्या, आणि पापण्या किंवा भुवया रंगवायला वापरू नका, अंधत्व येऊ शकतं, असं त्यात लिहिलेलं असतं.

मिहिर_डोंबिवली
लिहितात हो. सिगारेटच्या पाकिटावरही लिहितात.

ब्यूटी_विथ_सई
मी पार्लर चालवते. टिकण्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. टिंट केसांवर तीन-चार आठवडे राहतो, पण त्वचेवरचा डाग दोन-तीन दिवसांत जातो. हिनाचा त्वचेवरचा डाग चांगला बसला तर आठवडाभर दिसतो. रानजाईच्या भुवया विरळ आहेत, म्हणजे तिला भरलेपण हवंय ते त्वचेच्या डागातूनच येणार. टिंट कितीही महागाचा आणला तरी नसलेले केस तो कुठून रंगवणार? त्यात त्वचा तेलकट असेल, सॅलिसिलिकचा फेसवॉश किंवा रेटिनॉल चालू असेल तर डाग आणखी लवकर उतरतो. लग्नाच्या दोन दिवस आधी करावं, पहिल्या दिवशीचा गडदपणा ओसरतो. थ्रेडिंग त्याच दिवशी नको, सोललेल्या त्वचेवर चुरचुरतं. भुवईच्या बाहेरून व्हॅसलीनची रेघ ओढायची, केसांना लागू द्यायचं नाही, नाहीतर तिथे रंगच धरत नाही.
अ‍ॅलर्जीसाठी मी पंधरा मिनिटं आधी मनगटावर ठिपका लावून बघते. आजवर एकही तक्रार नाही.

कुंदा_के
टिकण्याचं अगदी बरोबर सांगितलंस सई, पण पंधरा मिनिटांत फार तर जळजळ कळेल. या रंगांची अ‍ॅलर्जी उशिरा उठते, एक ते तीन दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा. त्यामुळे गिऱ्हाईक घरी गेल्यावर काय झालं ते तुला कळेलच असं नाही. डोळ्यांच्या पापण्या सुजल्या तर लोक डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातात, पार्लरला फोन करत नाहीत. प्रत्यक्ष वापरायचं तेच मिश्रण कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे चण्याएवढं लावायचं, पत्रकात सांगितलंय तितका वेळ ठेवायचं आणि ४८ तास नजर ठेवायची. मागच्या वेळी काही झालं नाही, एवढ्यावर चाचणी टाळायची नाही. ही अ‍ॅलर्जी वर्षानुवर्षं वापरल्यावरही अचानक सुरू होते.

ब्यूटी_विथ_सई
४८ तास आधी या म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारच्या पार्लरमध्ये जातं.

पल्लवी_सातारा
सगळ्यांनी वादच घातला. सोपं आहे, 'पीपीडी फ्री' लिहिलेलं घे. काही होत नाही.

ठाणेकरीण
माझ्या जर्मन टिंटवर पण तसंच लिहिलंय.

रानजाई
सर्वांचे आभार. पल्लवी म्हणते तसं पीपीडी फ्री हिना ३४९ ला दिसतेय, तीच मागवते. तसा मला फार काही त्रास नाही. कॉलेजात असताना जत्रेत काळ्या मेंदीचा टॅटू काढला होता, त्याच्या अगदी रेघेरेघेवर बारीक फोड आले होते आणि नंतर पांढरट नक्षी राहिली होती. पण ती मेंदी भेसळीची असणार. चालेल ना?

कुंदा_के
नाही चालणार. हे आधी सांगायला हवं होतंस ग. झटपट काळी होणारी ती मेंदी म्हणजे बहुतेक वेळा पीपीडीच असतं, तेही डायच्या पुडीपेक्षा जास्त. नक्षीच्या आकारात फोड येणं ही त्या अ‍ॅलर्जीची ठरलेली खूण आहे, आणि शरीर ती विसरत नाही. पीपीडी फ्री किटमध्ये बहुधा टोल्युइन-२,५-डायअमिन असतं. ते पीपीडीच्या इतकं जवळचं की पीपीडी न सोसणाऱ्या बऱ्याच जणांना तेही सोसत नाही. तू घरी चाचणीसुद्धा घेऊ नकोस. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, ते पाठीवर पट्ट्या लावून नेमकं कशाचं वावडं आहे ते शोधतात. आणि पुढे कोणी केसांना डाय लावायला निघालं तर त्यांनाही हे सांग.

पल्लवी_सातारा
एका टॅटूवरून एवढं? माझ्या बहिणीला पण फोड आले होते, ती आता बिनधास्त डाय लावते.

मिहिर_डोंबिवली
आता मलाच भीती वाटायला लागली. दाढीला लावल्यावर हनुवटीला खाज येते थोडी, ती यानेच असेल का?

कुंदा_के
मिहिर, थांबव ते. भुवयांचं तर आजच.

आजोळ
म्हणून म्हटलं होतं, घरची मेंदी.

ब्यूटी_विथ_सई
रानजाई, मग माझ्याकडे ये, मी लॅमिनेशन करून देते, त्यात रंग नसतो. असलेले केसच वर वळवून बसवले की भुवई भरल्यासारखी दिसते. ८०० घेते, तुला ६०० लावीन.

रानजाई
सई, बजेट आणि पार्लर, दोन्ही नियम एकदम मोडलेस :D
कुंदाताई, डॉक्टरकडे लग्नानंतर जाईन, आत्ता वेळ नाही. हिना रद्द केली. मेडिकलमधून १८० ची वॉटरप्रूफ ब्रो पेन्सिल आणली आहे. कंटाळा येतो तर येऊ दे.

ठाणेकरीण
पेन्सिल हळदीत पसरणार बघ.

नवीन_सभासद_२१
छान धागा. ती ३४९ वाली हिना कुठे मिळेल, लिंक द्या ना?